गुडघाभर पाणी म्हणजे किती पाणी?

'ओढ्याला पाणी किती आहे हो?' असे एखाद्या गावकऱ्याला विचारून पाहा. 'आहे की गुडघाभर!' असे उत्तर मिळेल. हे उत्तर खोटे नाही, पण त्यातून आपल्याला हवे ते कळत नाही. गुडघाभर पाणी तळ्यातही असते आणि ते जागचे हलत नाही. ओढ्याचे पाणी मात्र सारखे पुढे चाललेले असते. म्हणून ओढ्याला विचारायचा खरा प्रश्न असा, की एका सेकंदात या जागेवरून किती पाणी पुढे गेले? या राशीला विसर्ग म्हणतात. पावसाळ्यात 'धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले' अशा बातम्या तुम्ही वाचता, तो हाच विसर्ग. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर.

मित्रांनो, हा विसर्ग मोजायला दोरी, काठी, घड्याळ आणि वाळक्या काटक्या एवढेच सामान पुरते. मात्र हिशेबात दोन-तीन जागा अशा आहेत, की तिथे भलेभले फसतात. त्या कळाव्यात म्हणून एका गावाची कल्पना करू या.

डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांनी पाण्यावर आठ मोटरी बसवल्या आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे आणि वाडीची पिण्याची विहीर ओढ्याच्या काठालाच आहे. ओढा वाहता असला तरच विहिरीला पाझर येतो. जानेवारी महिना. आणखी चौघांना मोटरी बसवायच्या आहेत. वरची मंडळी म्हणतात, 'ओढ्याला गुडघाभर पाणी आहे, चार मोटरींनी काय होते?' वाडीची मंडळी म्हणतात, 'आमची विहीर आटेल.' ग्रामसभेत आवाज चढतात, पण आकडा कुणापाशीच नाही. शेवटी शाळेचे विज्ञानाचे गुरुजी नववीच्या मुलांना घेऊन ओढ्यावर जातात. आपणही त्यांच्याबरोबर जाऊ.

पहिले काम जागा निवडण्याचे. सगळ्या मोटरींच्या वरच्या अंगाला, जिथे ओढा निदान दहा-पंधरा मीटर सरळ वाहतो, पात्रात मोठे धोंडे किंवा पाणगवत नाही आणि पाणी भोवऱ्यासारखे फिरत नाही, अशी जागा हवी. मुलांना ती सापडली. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून त्यांनी दोरी ताणून बांधली. दोरीला दर अर्ध्या मीटरवर रंगीत चिंधी होती. दोरी प्रवाहाला काटकोनात असली पाहिजे. ती वीस अंशांनी तिरपी झाली तर पात्राची रुंदी सुमारे सहा टक्के जास्त भरते, आणि पुढचा सारा हिशेब तेवढाच फुगतो.

आता दोरीखाली चालत प्रत्येक चिंधीपाशी पाण्याची खोली मोजायची. त्यासाठी सेंटीमीटरच्या खुणा केलेली पट्टी घ्यावी. पट्टीची रुंद बाजू प्रवाहाकडे धरली तर पाणी तिच्यावर चढते आणि आकडा उगाच वाढतो, म्हणून कड प्रवाहाकडे धरावी आणि बाजूने पाहावे. तळाला चिखल असेल तर पट्टी आत घुसते. त्यावर सोपी युक्ती म्हणजे पट्टीच्या बुडाला डब्याचे एक लहानसे झाकण खिळ्याने ठोकणे. ती दगडावर टेकली तर खोली कमी भरते, तेव्हा आजूबाजूलाही चाचपून पाहावे. आणि हे सारे पाणी गुडघ्याच्या खाली असेल तेव्हाच, मोठ्यांच्या देखत करायचे. पावसाळ्यातल्या ओढ्यात उतरायचे नाही.

प्रवाह ज्या दिशेला चालला आहे तिकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताचा तो डावा काठ. डाव्या काठापासून मुलांनी लिहून घेतलेले आकडे असे:

काठ (० मीटर): ० सेंमी
०.५ मीटर: ८ सेंमी
१.० मीटर: १४ सेंमी
१.५ मीटर: १८ सेंमी
२.० मीटर: २६ सेंमी
२.५ मीटर: २२ सेंमी
काठ (३.० मीटर): ० सेंमी

म्हणजे गुडघ्याला पाणी कुठेच लागले नाही! पण ते राहू द्या. ओढा दोरीखाली सुरीने आडवा कापला आहे अशी कल्पना करा. कापलेल्या जागी पाण्याचा जो आकार दिसेल तो ओढ्याचा छेद. त्याचे क्षेत्रफळ आपल्याला हवे आहे.

मुलांच्या तीन गटांनी ते काढले आणि तीन वेगळी उत्तरे आणली. खोल्यांची बेरीज तिघांचीही एकच होती, ८८ सेंमी. पहिल्या गटाने विचार केला, पाणी तर पाचच ठिकाणी आहे, म्हणून पाचने भागू. सरासरी खोली १७.६ सेंमी आली, तिला ३ मीटर रुंदीने गुणून क्षेत्रफळ ०.५३ चौरस मीटर. दुसरा गट म्हणाला, आकडे सात आहेत, शून्ये झाली म्हणून काय झाले? त्यांनी सातने भागले आणि ०.३८ चौरस मीटर आणले. तिसऱ्या गटाने सहाने भागले, त्यांचे उत्तर ०.४४ आले. सहा कुठून आले असे विचारल्यावर त्या गटातल्या मुलीने वहीत आकृती काढून दाखवली.

आकृती तुम्हीही काढा. तळाचे बिंदू सरळ रेषांनी जोडा. छेदाच्या सहा उभ्या पट्ट्या पडतात. दोन टोकांचे त्रिकोण आणि मधले चार समलंब चौकोन. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढायला दोन्ही बाजूंच्या खोल्यांची बेरीज करून निम्मी करायची आणि पट्टीच्या रुंदीने गुणायचे. टोकाचा त्रिकोण म्हणजे एका बाजूची खोली शून्य असलेला समलंब चौकोनच. आता गंमत पाहा. मधली प्रत्येक खोली दोन पट्ट्यांमध्ये येते, डावीकडच्या पट्टीत निम्मी आणि उजवीकडच्या पट्टीत निम्मी. म्हणजे ती एकदा पूर्ण मोजली जाते. काठाची खोली एकाच पट्टीत येते, म्हणून ती निम्मीच मोजली जाते. इथे दोन्ही काठांना शून्य आहे, तेव्हा ८८ सेंमी बेरजेला पट्टीच्या ०.५ मीटर रुंदीने गुणले की झाले. क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर. भागायचे असेल तर बिंदूंच्या संख्येने नव्हे, त्यांच्यामधल्या अंतरांच्या संख्येने भागायचे, आणि अंतरे सहा आहेत. अर्थात हे अंतरे सारखी असतील तरच. ती लहानमोठी असतील तर प्रत्येक पट्टी वेगळी काढून बेरीज करावी.

गणित बरोबर झाले, पण मोजणी? गुरुजींनी मुलांना पुन्हा उजव्या काठाशी नेले. तो काठ उतरता नव्हता. तिथे कातळाची उभी कड होती आणि तिला लागून पट्टी धरली तर १२ सेंमी पाणी भरत होते. 'काठ आला म्हणजे खोली शून्य' असे धरून मुलांनी पट्टी न धरताच शून्य लिहिले होते! १२ची निम्मी ६, म्हणजे बेरीज ८८च्या जागी ९४ आणि क्षेत्रफळ ०.४७ चौरस मीटर.

दुसरी चूक एका मुलाच्या पायाने पकडली. दोन मीटरच्या चिंधीपासून अडीच मीटरच्या चिंधीकडे जाताना त्याचा पाय मध्येच खाली गेला. तिथे पट्टी धरली तर ३० सेंमी! ओढ्यातली सर्वांत खोल जागा नेमकी दोन चिंध्यांच्या मध्ये लपली होती. २.२५ मीटरवर हा नवा बिंदू घेतल्यावर एकाच्या दोन पट्ट्या झाल्या, आणि तिथले क्षेत्रफळ ०.१२ होते ते ०.१३५ झाले. एकूण ०.४८५ चौरस मीटर. म्हणून मोजण्याआधी एकदा दोरीखालून पायाने तळ चाचपत जावे आणि तळ जिथे वळतो तिथे बिंदू घ्यावा, चिंधी असो वा नसो.

एवढ्याने अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे काम वेगाचे. मुलांनी दोरीच्या पाच मीटर वर आणि पाच मीटर खाली आणखी दोन दोऱ्या बांधल्या. वरच्या दोरीच्या थोडे अलीकडे वाळकी काटकी पाण्यात सोडायची आणि तिला एका दोरीपासून दुसरीपर्यंतचे दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. काटकी चांगली, कारण ती पाण्यात बरीचशी बुडून वाहते. कागदाची होडी घेतली तर वाऱ्याचा वेग मोजला जाईल, पाण्याचा नव्हे.

ओढ्याचे पाणी सगळीकडे एकाच वेगाने जात नाही. तळ आणि काठ त्याला घासून अडवतात. म्हणून पाणी उथळ असेल तिथे ते रेंगाळते आणि खोल असेल तिथे पळते. मुलांनी ओढ्याचे एक-एक मीटर रुंदीचे तीन भाग केले आणि प्रत्येक भागात तीन-तीन काटक्या सोडल्या. डाव्या भागात एक काटकी गवताला अडकली, ती सोडून दिली. उरलेल्या दोघींना सरासरीने सुमारे १०० सेकंद लागले. मधल्या भागात ४० सेकंद आणि उजव्या भागात ३३ सेकंद. म्हणजे वेग अनुक्रमे सेकंदाला ०.१०, ०.२५ आणि ०.३० मीटर.

आता एक मोह आवरायचा आहे. तीन वेगांची सरासरी काढून तिला साऱ्या क्षेत्रफळाने गुणावे असे वाटते. तसे करू नका. मघाच्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ भागांनुसार वेगळे करा. डाव्या मीटरात ०.०७५, मधल्या मीटरात ०.१९ आणि उजव्या मीटरात ०.२२ चौरस मीटर पाणी आहे. प्रत्येक भागाला त्याच्याच वेगाने गुणा. डावीकडून सेकंदाला ०.००७५ घनमीटर, मधून ०.०४७५ आणि उजवीकडून ०.०६६ घनमीटर पाणी जाते. बेरीज ०.१२१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १२१ लिटर. सरासरी वेगाने हेच गणित केले असते तर १०५ लिटर आले असते. सोळा लिटर गेले कुठे? सरासरी काढताना डावीकडच्या रेंगाळणाऱ्या पाण्याला आपण उजवीकडच्या पाण्याइतकाच मान दिला. प्रत्यक्षात डावीकडे पाणीच थोडे आहे. ते मंद असले तरी एकूण हिशेबात त्याची फारशी किंमत नाही.

पण थांबा, १२१ लिटर हाही खरा आकडा नव्हे. काटकी पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहते, आणि पृष्ठभागावरचे पाणी तळापासून लांब असल्यामुळे खालच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते. वरपासून तळापर्यंतचा सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट धरतात. तळ खडबडीत आणि पाणी उथळ असेल तर हा गुणक आणखी कमी, ०.७५च्या आसपासही उतरतो. ०.८५ धरला तर विसर्ग सेकंदाला १०३ लिटर येतो, ०.७५ धरला तर ९१ लिटर. आपल्या ओढ्याच्या तळाला गोटे आहेत, तेव्हा ९० ते १०५ लिटर असे सांगणे प्रामाणिकपणाचे. १०२.८५ लिटर असे दशांशांसह सांगणे हा निव्वळ दिखावा होईल.

हा आकडा घेऊन ग्रामसभेत जाऊ. पाच अश्वशक्तीची मोटर वीसेक मीटर उंचीवर पाणी चढवत असेल, तर ती सेकंदाला साधारण १० लिटर पाणी उपसते. आठ मोटरींचे झाले ८० लिटर. खेड्यात वीज ठरलेल्या वेळी येते आणि ती आली की आठही मोटरी एकदमच सुरू होतात. त्या वेळी वाडीकडे जायला उरतात दहा ते पंचवीस लिटर. आता पहिल्या गटाचे क्षेत्रफळ आठवा, ०.५३. त्याला उजवीकडच्या सर्वांत वेगवान काटकीच्या वेगाने गुणले आणि गुणक विसरला, तर विसर्ग १५८ लिटर येतो. त्या आकड्यावर आणखी चार मोटरी सहज बसल्या असत्या आणि कागदावर ३८ लिटर शिल्लक दिसले असते. ओढ्यात मात्र बारा मोटरींपुरतेही पाणी नव्हते.

आणखी अचूक मोजायचे असेल तर बिंदू वाढवायचे, पण कुठे? आपल्या तीन भागांतला पाण्याचा वाटा पाहा. उजव्या भागातून निम्म्याहून जास्त पाणी जाते, डाव्या भागातून जेमतेम सहा टक्के. डावीकडे दहा नवे बिंदू घेऊनही उत्तर फारसे हलणार नाही. उजव्या मीटरात मात्र खोली एक सेंटीमीटर चुकली, की अडीच लिटरचा फरक पडतो. डावीकडे तीच चूक एक लिटरचाही फरक करत नाही. नद्यांचे पाणी मोजणारे अभियंते म्हणूनच असा नियम पाळतात, की शक्यतो कोणत्याही एका पट्टीतून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये. त्यामुळे मोठ्या नदीच्या छेदाच्या वीस-वीस पट्ट्या पडतात, आणि जिथे पाणी खोल व वेगवान तिथे त्या अरुंद असतात.

हे अभियंते काटक्या सोडत बसत नाहीत. त्यांच्याकडे प्रवाहमापक असतो. त्याच्या वाट्या पाण्याच्या जोराने फिरतात आणि ठरावीक वेळात किती फेरे झाले यावरून वेग कळतो. तो पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावर धरला तर त्या ठिकाणी मिळणारा वेग बहुधा सरासरी वेगाच्या अगदी जवळ असतो, म्हणून गुणकाचा प्रश्न उरत नाही. पण किती फेऱ्यांना किती वेग, हे ठरवायचे कसे? पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे लांबलचक हौदातल्या स्थिर पाण्यातून असे मापक ठरावीक वेगाने ओढून नेतात आणि फेरे मोजतात. पाणी स्थिर आणि मापक पळतो आहे, की मापक स्थिर आणि पाणी पळते आहे, वाट्यांना त्याचे काय!

मुलांनी दोरी सोडली, पण खुंट्या काढल्या नाहीत. त्यांनी एका खुंटीवर त्या दिवशीच्या पाण्याच्या पातळीची खूणही केली. तिचा उपयोग मार्चमध्ये होतो. तेव्हा पाणी खुणेच्या १० सेंटीमीटर खाली गेलेले असते. तळ तोच असेल तर पुन्हा पाण्यात उतरायचीही गरज नाही. जुन्या प्रत्येक खोलीतून १० वजा करायचे. ८ सेंमीची जागा आता कोरडी आहे. १४चे राहिले ४, १८चे ८, २६चे १६, खड्ड्यातल्या ३०चे २०, २२चे १२ आणि कातळाशी १२चे २. डावा काठही सरकला. जिथे पूर्वी बरोबर १० सेंमी खोली होती तिथे, म्हणजे सुमारे ०.६७ मीटरवर, तो आला. या आकड्यांवरून छेदाचे क्षेत्रफळ स्वतः काढून पाहा. ते सुमारे ०.२२ चौरस मीटर यायला हवे. सर्वांत खोल जागेचे पाणी एक तृतीयांशानेच उतरले, क्षेत्रफळ मात्र निम्म्याहूनही खाली आले. कारण पाणी खोलीबरोबर रुंदीही गमावते.

काटक्यांचा वेगही आता उतरला आहे. उजवीकडे दहा मीटरना ५० सेकंद, मध्ये ६२ सेकंद, आणि डावीकडचे पाणी हिशेबात धरण्याजोगे नाही. उजवीकडचे क्षेत्रफळ ०.१२, मधले ०.०९. गुणक ०.८५ धरला तरी विसर्ग येतो सेकंदाला ३३ लिटर. काठावरून पाहणारा म्हणेल, 'पाणी थोडे उतरले आहे, इतकेच.' पण आठ मोटरींच्या ओढ्यात आता तीनच मोटरींचे पाणी आहे, आणि त्या तीन चालल्या तर वाडीच्या वाट्याला तीन लिटर.